वीज स्वस्त मिळेल, पण तुमची भट्टी कधी पेटते?

*सर, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आणि लहान मशीन शॉप आहे. करार मागणी ९०० केव्हीए, महिन्याला साधारण अडीच लाख युनिट. पाचशे किलोची इंडक्शन भट्टी आहे, ती वडिलांच्या काळापासून रात्रीच चालते. बिलावर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतले युनिट सत्तर हजारांच्या आसपास असतात. एक एजंट आला होता. दीड मेगावॅट सौर घ्या, सोलापूर जिल्ह्यात प्रकल्प आहे, दर ४.२५ रुपये, २६ टक्के भागीदारी, १५ वर्षांचा करार. तुम्हाला युनिट साडेआठला पडतं, वर्षाला एक कोटी वाचतील म्हणाला. पुण्याचा एक मोठा ग्राहकही 'हरित वीज किती टक्के वापरता' असं विचारतोय. आमच्यासारख्यांना हे ओपन ॲक्सेस मिळतं का? नवी लाईन ओढावी लागेल का? लाईट गेली तर ही वीज चालू राहील का? सही करू का?*
*— एक कारखानदार, शिरोली*

सही करू नका. निदान दीड मेगावॅटच्या त्या कागदावर तरी नाही. तुमच्या पत्रात जो सत्तर हजारांचा आकडा आहे त्यावरूनच सांगतो आहे. एजंटने तो आकडा विचारला होता का, हे मला जाणून घ्यायला आवडेल, कारण सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

आधी तुमच्या सोप्या प्रश्नांची उत्तरं देतो. ओपन ॲक्सेस म्हणजे वीज दुसऱ्याकडून घ्यायची आणि ती आणायला तार मात्र महावितरणची आणि महापारेषणची वापरायची, तिचं भाडं भरून. २००३ च्या वीज कायद्यात ही सोय आहे. पूर्वी १ मेगावॅटच्या खालच्या ग्राहकाला ती मिळत नव्हती. केंद्राचे हरित ऊर्जेचे नियम जून २०२२ मध्ये आले आणि ही मर्यादा १०० किलोवॅटवर आली. तेव्हा तुम्ही त्या मर्यादेत आरामात बसता. नवी लाईन लागत नाही. लाईट गेली तर ही वीजही जाते, कारण ती त्याच फीडरवरून, त्याच खांबावरून येते. जनरेटर विकू नका.

आता ही वीज येते कशी, ते बघा. आपल्याकडे गावोगावी दूध संस्था आहेत. तुम्ही सकाळी दहा लिटर दूध ओतता, ते टाकीत मिसळतं, टँकरने जातं आणि तुमच्या म्हशीचं दूध नेमकं कुणाच्या पिशवीत गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या हातात राहते ती चिठ्ठी. विजेचंही तसंच. सोलापुरातल्या पॅनेलने दुपारी १२ वाजता तयार केलेली वीज जवळच्याच कुणीतरी वापरली, आणि तुमच्या खात्यावर तेवढे युनिट जमा झाले. फरक एवढाच की दूध संस्था सकाळ आणि संध्याकाळ अशा दोनच नोंदी करते, वीज खात्यात दिवसाच्या ९६ नोंदी होतात. दर पंधरा मिनिटांना एक. प्रकल्पाने त्या पंधरा मिनिटांत किती दिलं आणि तुमच्या मीटरवर त्याच पंधरा मिनिटांत किती उचललं, याची जुळणी होते. म्हणून तुमच्याकडे वेगळं मीटर बसतं आणि प्रकल्पाकडेही बसतं.

जुळणी झाली नाही तर काय? जास्तीचे युनिट बँकेत जमा होतात. बँकिंग हा शब्द ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि तुमच्यासारख्या कारखान्याचा पाय इथेच घसरतो. महाराष्ट्रात हे जमा युनिट महिन्याच्या आत वापरावे लागतात. शिवाय ज्या वेळेच्या गटात ते जमा झाले, त्याच गटात वापरायचे. महाग वेळेत जमा झालेले स्वस्त वेळेत चालतात, पण स्वस्त वेळेतले महाग वेळेत चालत नाहीत. दुपारचं ऊन रात्रीच्या भट्टीला घालता येत नाही.

तुमच्या वडिलांनी भट्टी रात्री लावली ते त्या काळी अगदी योग्य होतं. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटला सवलत होती, आणि कोल्हापुरातल्या कितीतरी फौंड्र्यांचा सगळा दिनक्रम त्या सवलतीभोवती बसला. रात्री लोखंड वितळवायचं, पहाटे ओतायचं, दिवसा फेटलिंग आणि मशीनिंग. पण राज्यात सौर वीज वाढली तशी दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी तुटपुंजी अशी स्थिती झाली. २०२५ च्या दर आदेशात वेळांचे गट उलटे झाले. आता सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या उन्हाच्या वेळेला आहे, संध्याकाळी ५ ते रात्री १२ जादा आकार आहे, आणि रात्रीची ती जुनी सवलत पूर्वीसारखी राहिली नाही. तुमच्या चालू बिलावर हे गट स्वतंत्र ओळींत छापलेले असतात. वापर आणि दर दोन्ही तिथूनच घ्या, माझ्या सांगण्यावरून नाही.

आता एजंटचा हिशेब मांडून बघू. खाली मी दर गृहीत धरले आहेत. तुमच्या बिलावरचे आकडे घालून तुम्ही तो पुन्हा करा, पद्धत तीच राहील. वीज शुल्क बाजूला ठेवतो, म्हणजे गुंता वाढणार नाही.

दीड मेगावॅट सौर वर्षाला साधारण २४ लाख युनिट देईल. मेगावॅटला १६ लाख हा सावध अंदाज आहे. साडेआठ वजा सव्वाचार म्हणजे सव्वाचार रुपये, गुणिले २४ लाख, झाले एक कोटी दोन लाख. एजंटचा एक कोटी इथून आला. यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत.

पहिली चूक साडेआठात आहे. तो तुमच्या एकूण बिलाला एकूण युनिटने भागून काढलेला आकडा आहे. त्यात मागणी आकार आहे, तो केव्हीएवर लागतो आणि ओपन ॲक्सेस घेतलं म्हणून कमी होत नाही. त्यात संध्याकाळच्या महाग युनिटांचा भार आहे, तो सौर विजेने हटत नाही. वहन आकार, म्हणजे महावितरणच्या तारेचं भाडं आहे, तो बाहेरच्या विजेवरही लागतोच. सौर युनिट तुमच्या बिलातून फक्त एकच गोष्ट काढतं, दिवसाच्या गटातला ऊर्जा आकार, आणि तोही सवलत वजा जाता. समजा तो ६.६० रुपये आहे. तुलना याच्याशी करायची.

दुसरी चूक सव्वाचारात आहे. तो प्रकल्पाच्या फाटकावरचा दर आहे. वीज शिरोलीला येईपर्यंत वाटेत गळती होते. ही गळती पैशांत लागत नाही, तुमच्या युनिटांतूनच कापली जाते. उच्चदाब वाहिनी आणि वितरण वाहिनी मिळून समजा १० टक्के. म्हणजे १०० युनिटचे पैसे भरले की ९० मिळतात, आणि सव्वाचारचे होतात ४.७२. प्रकल्प महापारेषणच्या जाळ्याला जोडलेला असेल तर पारेषण आकार वेगळा, तो समजा ६० पैसे. वेळापत्रक, नोंदणी, ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राचे आकार असं किरकोळ दहा पैसे धरा. झाले ५.४२ रुपये. ६.६० मधून वजा केले तर युनिटमागे उरतात १.१८ रुपये. सव्वाचार कुठे आणि सव्वा रुपया कुठे. सव्वा रुपयाही चांगलाच आहे, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण प्रत्येक युनिट खरोखर वापरलं गेलं तरच तो मिळतो.

आणि तुम्ही ते वापरणार नाही. २४ लाखांतले गळतीनंतर २१ लाख ६० हजार तुमच्या खात्यावर येतील, महिन्याला सरासरी १ लाख ८० हजार. दिवसाच्या गटात तुमचा वापर सत्तर हजार. बाकीचे १ लाख १० हजार महिनाअखेर हातातून जातात. प्रकल्पवाल्याला मात्र तुम्ही पूर्ण २४ लाखांचे पैसे देता, कारण अशा करारात किमान उचल ठरलेली असते. उचला अथवा न उचला, बिल येतं. वर्षाला एक कोटी दोन लाख तुम्ही भरता. वापरलेले युनिट ८ लाख ४० हजार, आणि त्यांची खरी किंमत, पारेषण वगैरे वजा करून, युनिटला ५.९० प्रमाणे साधारण साडेएकोणपन्नास लाख. एक कोटी वाचायच्या जागी वर्षाला बावन्न लाख तुमच्या खिशातून जातात. हा हिशेब मी दोनदा केला आहे. तुम्ही तुमच्या अकाउंटंटकडून तिसऱ्यांदा करून घ्या.

यावर आणखी एक फटका आहे, तो समजायला २६ टक्क्यांच्या भागीदारीचं कारण समजलं पाहिजे. बाहेरून वीज विकत घेणाऱ्या ग्राहकावर महावितरण दोन अधिभार लावते. एक क्रॉस सबसिडीचा. उद्योगाकडून जादा घेऊन शेतीला आणि घरगुती ग्राहकाला स्वस्त दिली जाते, तो जादा पैसा तुम्ही निघून गेलात तर बुडतो, त्याची भरपाई. दुसरा अतिरिक्त अधिभार. तुमच्यासाठी महावितरणने आधीच वीज खरेदीचे करार करून ठेवलेत, त्यांच्या स्थिर खर्चाची भरपाई. हे दोन्ही लागले तर तुमचा सव्वा रुपया कुठल्या कुठे जातो. पण प्रकल्प तुमचा स्वतःचा असेल तर क्रॉस सबसिडी अधिभार कायद्यानेच लागत नाही, आणि अतिरिक्त अधिभारही लागत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा निकाल आहे. म्हणून एजंट भागीदारी देतो. त्यात त्याची उदारता काही नाही. तीन-चार कारखानदार मिळून प्रकल्पाच्या कंपनीत शेअर घेतात, त्याला ग्रुप कॅप्टिव्ह म्हणतात.

'स्वतःचा' कशाला म्हणायचं हे २००५ च्या वीज नियमांत लिहिलं आहे. वापरणाऱ्यांकडे मिळून मालकीचे किमान २६ टक्के हवेत, आणि प्रकल्पाच्या वर्षभरातल्या उत्पादनापैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनी वापरलेली हवी. त्यातही ज्याचा जेवढा वाटा त्याच प्रमाणात वापर, दहा टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे कॅप्टिव्ह भागीदारांत तुमचा वाटा दहा टक्के असेल तर त्यांच्या वापरातली नऊ ते अकरा टक्के वीज तुमची असली पाहिजे. तपासणी वर्ष संपल्यावर होते. त्यात प्रकल्प नापास झाला की त्या वर्षाची सगळीच वीज विकत घेतलेली धरतात आणि अधिभार मागच्या तारखेने लागतो. आता तुमच्या वाट्याच्या २४ लाखांतले तुम्ही वापरलेले ८ लाख ४० हजार बघा. चाळीस टक्क्यांच्याही आत. तुम्ही स्वतः तर बुडताच, तुमच्यासोबत ज्याने इमानदारीने सगळे युनिट वापरले त्या भागीदारालाही ओढता. आणि हे उलटही खरं आहे. दुसऱ्या भागीदाराचा धंदा बसला तर नोटीस तुमच्याकडेही येते. म्हणून भागीदार कोण आहेत, ते दिवसा काय चालवतात, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. मुलीचं स्थळ बघताना जेवढी चौकशी करतो तेवढी करा.

माझ्या पाहण्यातला एक कारखाना आहे, गोकुळ शिरगावच्या बाजूचा. नाव घेत नाही. त्यांनी घाईने सही केली. पहिले चार महिने बिल कमी आलं म्हणून पेढे वाटले. मग एका महिन्यात मोठी ऑर्डर रद्द झाली, दिवसपाळी निम्मी केली. त्या महिन्याचा जुळणीचा तक्ता मालकांनी माझ्यासमोर टेबलावर पसरला. अकरा ते तीनच्या रकान्यांत प्रकल्पाचा आकडा मोठा, कारखान्याचा लहान, ओळीमागून ओळ. शेवटी खाली 'वापर न झालेले' असं लिहून जो आकडा होता तो बघून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांना वाटत होतं बँकेत आहेत म्हणजे आपलेच आहेत. तो तक्ता मी अजून विसरलो नाही, म्हणूनच तुम्हाला एवढं सविस्तर लिहितो आहे.

आता तुम्ही काय करावं. आधी भट्टीची वेळ बदलता येते का ते बघा. ३५० किलोवॅटची भट्टी दिवसा ९ ते ५ मध्ये सात तास चालली, महिन्याचे २६ दिवस, तर साठ हजारांवर युनिट रात्रीतून दिवसात येतात. रात्रीचं युनिट समजा ७.६० ला पडतं आणि दिवसाचं ६.६० ला, तर महिन्याला साठ हजार रुपये, वर्षाला सात लाखांवर वाचतात. यासाठी कुठलाही करार नाही, भागीदारी नाही, एजंट नाही. हे मी सगळ्यात आधी करीन.

ते सोपं नाही, हे मला माहीत आहे. मोल्डिंगचा क्रम उलटा करावा लागतो, साचे आदल्या दिवशी तयार हवेत. उन्हाळ्यात दुपारी भट्टीसमोर उभं राहणं म्हणजे काय ते तुमच्या माणसांना विचारा. पंखे, पाणी, विश्रांतीच्या पाळ्या याचा खर्च धरा आणि त्यांच्याशी बोलून ठरवा, नुसती नोटीस लावू नका. दुसरी अडचण मागणीची. आज भट्टी रात्री आणि मशीन शॉप दिवसा अशी विभागणी आहे. दोन्ही एकाच वेळी चालू झाले, त्यात कॉम्प्रेसर आणि सँड प्लांट, तर नोंदलेली मागणी ९०० केव्हीएच्या वर जाऊ शकते आणि दंडाचा आकार लागतो. बिलावर कमाल मागणी किती नोंदली आहे ते बघा. भट्टी पूर्ण ताकदीवर असताना सँड मिक्सर आणि दुसरा कॉम्प्रेसर बंद ठेवायचा एवढा साधा नियम काही ठिकाणी पुरतो.

भट्टी दिवसा आली की तुमचा दिवसाचा वापर सत्तर हजारांवरून १ लाख ३० हजारांवर जातो. आता सौर वीज घेण्यात अर्थ आहे. दीड नव्हे, ०.९ मेगावॅट घेतलं असं धरू. वर्षाला १४ लाख ४० हजार युनिट, गळतीनंतर महिन्याला सरासरी १ लाख ८ हजार. सगळे वापरले जातात. युनिटला १.१८ प्रमाणे वर्षाला पंधरा लाखांवर बचत. भांडवल किती? मेगावॅटला चार कोटी धरले तर ३.६ कोटींचा प्रकल्प, त्यात ३० टक्के भागभांडवल म्हणजे १ कोटी ८ लाख, आणि त्याच्या २६ टक्के तुमचे, साधारण २८ लाख. दोन वर्षांत वसूल होतात. एक कोटीच्या स्वप्नापुढे पंधरा लाख लहान वाटतील, पण हे पंधरा लाख खरे आहेत.

याहूनही आधी शेडच्या छपराकडे बघा. मशीन शॉपच्या छपरावर जे युनिट तयार होऊन तिथेच खर्ची पडतं त्याला गळती नाही, पारेषण नाही, वहन नाही. फौंड्रीच्या छपरावर मात्र नको. तिथली काळी धूळ पॅनेलवर थर धरते, आणि जुने सिमेंटचे पत्रे पॅनेलचं आणि धुणाऱ्या माणसाचं वजन पेलत नाहीत. छप्पर आणि ओपन ॲक्सेस दोन्ही करायचं असेल तर दोन्हीची जुळणी एकत्र कशी होईल हे महावितरणच्या मंडल कार्यालयाकडून लेखी घ्या, कारण छपरावरचे युनिट तेच दिवसाचे सत्तर हजार खाणार.

करारात मी तीन कलमं शोधीन. किमान उचल किती, आणि मंदी आली तर ती कमी होते का. शेअर परत करून बाहेर पडायचं असेल तर ते कोण घेणार आणि कोणत्या किमतीला. आणि तिसरं, तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, वेळेचे गट किंवा बँकिंगचे नियम बदलले तर नुकसान कुणाचं. बहुतेक मसुद्यांत नवे आकार ग्राहकावर टाकलेले असतात, आणि वेळेचे गट बदलण्याबद्दल अवाक्षर नसतं. रात्रीची सवलत दुपारी आली हे तुम्ही नुकतंच पाहिलंत. पंधरा वर्षांत ती पुन्हा हलणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. हे कलम घालायला प्रकल्पवाला तयार नसेल तर मुदत कमी करून मागा.

अर्ज केला की महावितरणची ना हरकत लागते. थकबाकी किंवा जुना वादातला बिलाचा विषय असेल तर ना हरकत तिथेच अडते, तो आधी मिटवा. मीटरसोबत सीटी-पीटी हे मापनाचे ट्रान्सफॉर्मरही ०.२ अचूकतेचे लागतात आणि बहुतेक जुन्या उच्चदाब क्युबिकलमध्ये ते नसतात. बदलायला एक दिवस शटडाऊन घ्यावा लागेल. तो सुट्टीच्या दिवशी धरा.

पुण्याच्या ग्राहकाचा प्रश्न वेगळा ठेवा. त्याला कागद हवा आहे, आणि कागदासाठी १५ वर्षांचा करार लागत नाही. महावितरण स्वतः हरित वीज देते. २०२१ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने ही सोय मंजूर केली तेव्हा नेहमीच्या दरावर युनिटला ६६ पैसे जादा होते. आजचा दर विचारून घ्या, त्या ग्राहकाच्या मालापुरती काही टक्के वीज हरित मागा आणि तो प्रमाणपत्राचा कागद त्याला द्या. ग्राहक एवढे पैसे भावात देतो का तेही विचारा. युरोपच्या कार्बन कराची भीती घालून कुणी करार विकत असेल तर एक लक्षात असू द्या. लोखंड-पोलादाच्या मालासाठी त्या करात सध्या कारखान्यातलं थेट उत्सर्जन मोजतात, विकत घेतलेल्या विजेचं नाही. हरित विजेने तो आकडा हलणार नाही.

सुरुवात मीटरपासून करा. तुमच्या उच्चदाब मीटरमध्ये पंधरा किंवा तीस मिनिटांच्या वापराची नोंद असते. महावितरणच्या चाचणी विभागाकडे लेखी अर्ज करून बारा महिन्यांची ती नोंद मागून घ्या. एक्सेलमध्ये दिवस खाली आणि वेळ आडवी असा तक्ता करा, आणि प्रकल्पवाल्याकडून त्याच प्रकल्पाचं महिन्यावार, तासावार अपेक्षित उत्पादन घेऊन शेजारी मांडा. सरासरी बघू नका. पावसाळा बघायची तर गरजच नाही, जुलैत सौर वीज कमी येते, तेव्हा काही वाया जात नाही. एप्रिल उघडा. त्या महिन्यात उत्पादन सरासरीपेक्षा वीस टक्क्यांनी जास्त येऊ शकतं, ०.९ मेगावॅटचे १ लाख ८ हजारांचे १ लाख ३० हजार होतात, म्हणजे तुमच्या दिवसाच्या वापराला अगदी काठोकाठ. आणि त्याच सुमाराला चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते, गावोगावच्या जत्रा असतात, निम्मी माणसं सुट्टीवर. भट्टी तीन-चार दिवस थंड असते आणि तिकडे सोलापुरात पॅनेल पूर्ण जोरात चालू असतात. तुमच्या हजेरीपटावरून गेल्या वर्षीचे ते दिवस काढा आणि तक्त्यात रंगवा. माझा अंदाज, ते रंगवल्यावर तुम्ही ०.९ वरून ०.८ मेगावॅटवर याल. एजंटला तो तक्ता दाखवून त्या आकड्यावर नवा प्रस्ताव मागा.